बेंझोइक आम्लाची गोळी आणि पाचवा आकडा

आपल्याकडे २०१२ पासून कोळशाची प्रत ठरते ती तो जळताना किती उष्णता देतो यावरून. एका किलोमागे ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी मिळाल्या तर जी-१०, ४००१ ते ४३०० मिळाल्या तर जी-११, अशा तीनशे-तीनशेच्या पायऱ्या आहेत. पायरी बदलली की दर बदलतो. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीज केंद्रात उतरणाऱ्या कोळशाचा हा आकडा काढणाऱ्या यंत्राचं नाव आहे बॉम्ब कॅलरीमीटर. गंमत अशी, की या यंत्राला उष्णता मोजताच येत नाही. त्याला फक्त पाण्याचं तापमान किती चढलं एवढंच कळतं.

जाड पोलादी भांड्यात, म्हणजे बॉम्बमध्ये, चिमूटभर नमुना ठेवायचा, तीसेक वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरायचा, बॉम्ब मोजून घेतलेल्या दोन किलो पाण्यात बुडवायचा आणि विजेच्या तारेने नमुना पेटवायचा. उष्णता पाण्यात येते खरी, पण केवळ पाण्यात नाही. पोलाद तापतं, बादली तापते, ढवळणी तापते, थर्मामीटरही तापतो. या सगळ्या गोतावळ्याला मिळून एक अंश वर चढवायला किती जूल लागतात, ती या यंत्राची उष्माधारकता. प्रत्येक भागाचं वजन आणि धातू पाहून ती कागदावर मांडता येईल, पण एवढी नेमकी कधीच येणार नाही. म्हणून उलटा रस्ता धरतात: जिची उष्णता आधीच पक्की माहीत आहे अशी वस्तू आत जाळायची आणि पारा किती चढतो ते पाहायचं.

ती वस्तू म्हणजे बेंझोइक आम्ल. ते अगदी शुद्ध मिळतं, हवेतली ओल फारशी ओढून घेत नाही, उघड्यावर उडून जात नाही आणि दाबलं की त्याची छान गोळी होते. गोळी हवीच, कारण मोकळी भुकटी पेटताना उडते आणि न जळताच बॉम्बच्या भिंतीला चिकटते. प्रमाणपत्रासह मिळणाऱ्या या आम्लाचा एक ग्रॅम जळाला की २६,४३४ जूल उष्णता मिळते. गोळी एक ग्रॅमच्या आसपास ठेवतात. जास्त मोठी गोळी जाळणं हे बॉम्बच्या ताकदीशी खेळणं आहे.

उदाहरणादाखल एक फेरी घेऊ. गोळी भरली १.००२४ ग्रॅम, म्हणजे तिची उष्णता २६,४९७ जूल. पण आत जळणारी ती एकटी नसते. पेटवणीची निकेल-क्रोमची तारही जळते: दहा सेंटिमीटरपैकी तीन उरले, सात जळाले, त्याचे ६७ जूल. बॉम्बमध्ये राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनचं थोडं नायट्रिक आम्ल होतं आणि तेही उष्णता देतं. बॉम्ब आतून धुऊन त्या पाण्याचं अनुमापन केलं, तर त्याचे ४२ जूल निघाले. एकूण २६,६०६.

आता तापमान. पेटवताना २४.३१० अंश, शेवटी २६.९२४. फरक २.६१४. हाच आकडा घेऊन भागाकार करायचा मोह होतो, पण बादली खोलीपासून पुरती तुटलेली नसते. पाणी मुद्दाम खोलीपेक्षा जरा थंड घेतलेलं असतं, त्यामुळे पेटवण्याआधी ते मिनिटाला ०.००३ अंशाने आपोआप तापत होतं. जळून झाल्यावर ते खोलीपेक्षा गरम झालं आणि मिनिटाला ०.००२ अंशाने निवू लागलं. म्हणून पेटवण्याआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं नुसतं तापमान टिपत बसायचं, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. तापमान साठ टक्के चढेपर्यंतच्या वेळाला पहिला वेग लावायचा, उरलेल्या वेळाला दुसरा. इथे ते भाग १.२ आणि ५.८ मिनिटांचे होते. आयती मिळालेली वाढ वजा केली आणि निसटलेली परत मिळवली, की २.६२२ अंश येतात. २६,६०६ भागिले २.६२२, म्हणजे अंशाला १०,१४७ जूल. दुरुस्ती केली नसती तर उत्तर १०,१७८ आलं असतं. अंशाच्या आठ हजाराव्या भागांचा हा फरक, पण त्याने उत्तर ०.३ टक्के हललं.

एका फेरीवर कोणी विसंबत नाही. समजा पाच फेऱ्या झाल्या आणि आकडे असे आले: १०,१४७, १०,१६२, १०,१३९, १०,१५५ आणि १०,०८१. पाचांची सरासरी १०,१३७ आणि प्रमाण विचलन ३२, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. चांगल्या प्रयोगशाळेत ते ०.१ ते ०.२ टक्क्यांत बसायला हवं. पाचवा आकडा वगळला तर सरासरी १०,१५१ आणि विचलन दहा, म्हणजे ०.१ टक्का. किती सुंदर! आणि नेमका म्हणूनच हात आवरायला हवा. केवळ शोभत नाही म्हणून आकडा खोडायला लागलं, तर कोणतंही यंत्र अचूक ठरवता येतं.

आधी तो आकडा कोणत्या बाजूला घसरला ते पाहायचं. दिशा बरंच काही सांगून जाते. गोळी नीट जळली नाही, क्रूसिबलमध्ये काजळी राहिली, किंवा वजन केल्यानंतर गोळीचा टवका उडाला, तर उष्णता कमी मिळते, तापमान कमी चढतं आणि भागाकार मोठा येतो. आपला आकडा तर लहान आहे. म्हणजे काजळी शोधत बसण्यात अर्थ नाही. तापमान गरजेपेक्षा जास्त चढलंय, याचा एक साधा अर्थ असा की तापायला पाणीच कमी होतं. घसरण आहे सुमारे ७० जूलची. एक ग्रॅम पाणी अंशाला ४.१८ जूल घेतं, म्हणजे जवळपास १७ ग्रॅम पाणी गायब. बॉम्ब बादलीत उतरवताना एवढं सहज सांडतं. नोंदवहीत ‘पाणी सांडलं’ असा शेरा असेल, किंवा बादली पुन्हा तोलल्यावर तूट दिसली, तर आकडा बेलाशक वगळावा. असं काही सापडलं नाही, तर तो ठेवावा आणि आणखी फेऱ्या कराव्यात.

त्या एका आकड्याचं वजन किती, तेही पाहू. ४,३२० किलोकॅलरीचा कोळसा १०,०८१ धरून मोजला तर ४,२९० भरतो. जी-१० चा जी-११ झाला.

पण आकडे एकमेकांना चिकटून आले म्हणजे ते बरोबर आहेत, असंही नाही. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. थर्मामीटर नेहमीच अर्धा टक्का जास्त दाखवत असेल, तर उष्माधारकता तेवढीच कमी निघते आणि पुढे कोळसा त्याच थर्मामीटरने मोजला की दोन्ही चुका एकमेकींना खातात. बादलीत दर वेळी सारखंच थोडं कमी पाणी पडत असलं तरी तेच. मात्र आम्लाची बाटलीच ओलसर किंवा अशुद्ध असेल, तर पाचही फेऱ्या देखण्या जमतात आणि पाचही चुकतात, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक कोळशात उतरते. विचलनाला हे कधीच दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या लॉटचं प्रमाणित आम्ल अनोळखी नमुना समजून जाळायचं आणि त्याचे २६,४३४ जूल परत मिळतात का ते पाहायचं. बॉम्बचं सील किंवा बादली बदलली, थर्मामीटर नवा लावला, की जुना आकडा बाद आणि गोळ्या पुन्हा दाबायला घ्यायच्या.