मंद मोबाइल जोडणीवर संकेतस्थळाची पारख

मंद मोबाइल जोडणीवर संकेतस्थळाची पारख म्हणजे एखादे पान कमी वेगात वाचण्याजोगे होण्यास किती वेळ घेते, हे मोजून पाहणे. भारतात हा प्रश्न रोजचा आहे. अनेक प्रीपेड योजनांमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत उतरतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट मिळतात. या वेगाने २ मेगाबाइटचे पान उतरण्यास चार मिनिटांहून अधिक काळ लागतो, तर ८० किलोबाइटचे पान सुमारे दहा सेकंदांत येते.

== मोजणी ==
संगणकावरील क्रोम ब्राउझरमध्ये F12 दाबून `Network` हा विभाग उघडावा, `Disable cache` वर खूण करावी आणि वेगाच्या यादीतील `Custom` मध्ये ६४ किलोबिट वेग व ६०० मिलिसेकंद विलंब भरून पान पुन्हा उघडावे. ही खूण विसरल्यास आधी साठवलेल्या फायली वापरल्या जातात आणि पान खोटेच चपळ भासते. तळाशी दिसणाऱ्या आकड्यांपैकी `transferred` हा महत्त्वाचा. तेवढाच डेटा खरोखर वाहून येतो. `resources` हा आकडा संकोचन उलगडल्यानंतरचा असल्याने बहुधा मोठा दिसतो.

केवळ आकार पाहणे मात्र पुरेसे नाही. प्रत्येक नव्या सर्व्हरशी बोलणे सुरू करण्यासाठी नावाचा शोध, जोडणी, सुरक्षित जोडणी आणि प्रत्यक्ष मागणी अशा साधारण चार फेऱ्या होतात. एका फेरीस ६०० मिलिसेकंद धरल्यास पहिला बाइट येण्यापूर्वीच २.४ सेकंद जातात. जाहिराती व मोजणीची साधने दहा वेगळ्या ठिकाणांहून येत असतील, तर लहान पानही रखडते.

मराठी मजकूर स्वतः जड नसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तरी ३,००० चिन्हांचा लेख संकोचनापूर्वी ९ किलोबाइटच भरतो. भार असतो तो चित्रे, स्क्रिप्ट आणि जोडाक्षरांमुळे मोठ्या झालेल्या फॉन्ट-फायलींचा. फॉन्ट येईपर्यंत काही पानांवर अक्षरेच दिसत नाहीत. मजकूर आलेला असूनही पान कोरे राहते, हे त्याचे लक्षण.

या चाचणीत तुटक सिग्नल किंवा स्वस्त फोनचा मंद प्रोसेसर येत नाही. म्हणून अखेरची खात्री खऱ्या फोनवरच करावी.

== हलके पर्याय ==
काही संस्था केवळ मजकुराची आवृत्ती देतात; अमेरिकेतील एनपीआरची `text.npr.org` व सीएनएनची `lite.cnn.com` ही त्याची उदाहरणे. शोधासाठी `lite.duckduckgo.com` आहे. अशी आवृत्ती नसल्यास ऑपेरा मिनी उपयोगी पडतो, कारण त्याचे सर्व्हर पान आकुंचित करून पाठवतात. मात्र त्याच्या सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत पाने त्या सर्व्हरांवर उलगडली जातात आणि स्क्रिप्टवर चालणारे अर्ज अर्ध्यावर अडकू शकतात. बँकेच्या व्यवहारासाठी तो मार्ग टाळणेच बरे. विकिपीडियासारखा संदर्भ वारंवार लागत असेल, तर वाय-फाय असताना किविक्सवर त्याची प्रत उतरवून ठेवता येते आणि नंतर जोडणीची गरजच उरत नाही.