कॅमेरा नेमका कशासाठी हलला?

२००८ साली कॅनन ५डी मार्क २ आला आणि मोठ्या सेन्सरवरचं, सिनेमासारखं चित्रण थोड्या पैशांत होऊ लागलं. तेव्हापासूनचे लघुपट आज पाहिले, तर कॅमेऱ्याच्या हालचाली कथेपेक्षा साधनांनीच जास्त ठरवल्याचं दिसतं. कॅमेरा हलका झाला म्हणून चौकट थरथरू लागली, स्लायडर भाड्याने मिळू लागला म्हणून ती सरकू लागली, गिंबल आल्यावर तरंगत राहिली. नाट्यपूर्ण लघुपटात हालचालीचं कारण पात्राच्या मनात त्या क्षणी झालेल्या बदलात सापडलं पाहिजे. सापडत नसेल, तर ट्रायपॉड लावावा.

हातातल्या कॅमेऱ्याने प्रसंग खरा वाटतो, असं म्हटलं जातं. १९९५च्या डॉग्मे चळवळीने तर त्याचा नियमच केला. त्यातल्या ‘फेस्टेन’मध्ये (१९९८) तो शोभतो, कारण वडिलांच्या साठीच्या मेजवानीत मुलगा त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करतो आणि घराचा सगळा तोल जातो. पण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, तरी न्यायालय तितकंच खरं वाटतं. यंत्रणेला कुणाच्या घाईशी देणंघेणं नाही, हे त्या लांबच्या, स्थिर चौकटीतूनच कळतं. म्हणजे खरेपणा थरथरीत नसतो.

एक प्रसंग घेऊ. भाऊ बहिणीकडे हक्कसोडपत्रावर सही मागायला आला आहे. गोड बोलणं चाललंय तोवर ट्रायपॉड हवा. दोघं एकाच चौकटीत, मध्ये कागद. वाचताना तिला दिसतं, आईची सही आधीच झालेली आहे. ती काहीच बोलत नाही, “चहा टाकू ना?” एवढंच विचारते. जे ती लपवते ते दाखवायला इथे संथ पुश-इन हवा. चेहऱ्यापासून दीड मीटरवर सुरुवात, साठ सेंटिमीटरचा स्लायडर, वीस सेकंद. म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटर. तिची नजर सहीवर थांबल्यावरच कॅमेरा निघावा. आधी निघाला तर प्रेक्षकाला तिच्याआधी सुगावा लागतो. झूमने हे साधत नाही. चेहरा मोठा होतो, पण मागच्या भिंतीशी त्याचं नातं तेच राहतं आणि आपण जवळ गेल्यासारखं वाटत नाही. पुढे भाऊ कागद ओढतो, तिथे कॅमेरा हातात घ्यावा. आधीची स्थिरता असेल तरच तो धक्का बसतो.

प्रेक्षकांना हे कुठे कळतं, असा आक्षेप येतो. नाव सांगता येत नसेल, पण पुश-इन म्हणजे काहीतरी महत्त्वाचं, हे ते ओळखतात. दहा मिनिटांत चार साध्या वाक्यांवर तो वापरला, तर सहीच्या क्षणी त्यात जोर उरत नाही. म्हणून चित्रीकरणात त्याच प्रसंगाचा एक स्थिर टेकही घ्यावा, आणि सरकत्या टेकच्या दोन्ही टोकांना तीन-चार सेकंद थांबावं, म्हणजे संकलकाला कापायला जागा मिळते. संकलनात स्थिर टेक लावून पाहावा. त्याने काही हरवत नसेल, तर तोच ठेवावा.