मुदत ठेवीची पावती : छापील आकडा आणि हाती येणारी रक्कम

खारघरमधील एका व्यापाऱ्याने दुकानातील शिल्लक गुंतवून 1 एप्रिलला 10 लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, असे समजू. मुदत 3 वर्षे, व्याजदर 7 टक्के. पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम 12,31,439 रुपये छापली आहे. हा आकडा बरोबर आहे का, आणि तेवढीच रक्कम हाती येईल का, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर व्याज केव्हा मुद्दलात मिळवले जाते यावर अवलंबून असते. दर तिमाहीस मिळवले, तर दर वेळी 1.75 टक्के याप्रमाणे 12 वेळा वाढ होऊन वरील आकडा येतो. वर्षातून एकदाच मिळवले, तर 12,25,043 रुपयेच होतात. दर तेच, तरी फरक 6,396 रुपयांचा. दर तिमाहीस व्याज खात्यात जमा होण्याचा पर्याय निवडला असेल, तर मुदतीअखेर फक्त मूळ 10 लाखच परत येतात. म्हणून दरासोबत पुनर्गुंतवणूक की व्याजवाटप, हा शब्दही पाहावा.

दुसऱ्या प्रश्नात करकपात येते. छापील आकडा कपातीपूर्वीचा असतो. 1 एप्रिल 2025 पासून एका बँकेतील वर्षाचे व्याज 50 हजारांपेक्षा अधिक, ज्येष्ठ नागरिकांसाठी 1 लाखापेक्षा अधिक झाले, की 10 टक्के टीडीएस कापला जातो. पॅन नोंदलेला नसल्यास 20 टक्के. या ठेवीचे पहिल्या वर्षाचे व्याज 71,859 रुपये, म्हणजे कपात 7,186 रुपये. दरवर्षी ही रक्कम ठेवीतूनच वळती झाली, तर अखेरीस सुमारे 12,06,838 रुपये मिळतात. कमी झालेल्या 24,601 रुपयांपैकी जवळजवळ 22,982 रुपये आयकर खात्यात पॅनखाली जमा असतात आणि विवरणपत्रात त्यांचे श्रेय घेता येते. उरलेले सुमारे 1,619 रुपये मात्र कापलेल्या रकमेवर न मिळालेले व्याज होय. कर बचत खात्यातून वळता करण्याची सोय बँकेत असेल, तर हेही वाचते.

शेवटी नॉमिनी. पावतीवर ‘नामनिर्देशन नोंदले’ असा शेरा आहे का, ते पाहावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीसाठी 4 जणांपर्यंत नावे देता येतात. नॉमिनी बँकेकडून पैसे स्वीकारतो. मालकी वारसांचीच राहते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे ठेवलेल्या ठेवीस मात्र नामनिर्देशन लागू होत नाही. ते केवळ व्यक्तीच्या ठेवीला मिळते. व्यापारी घरांत कर्त्याच्या नावामागे तीन अक्षरे ‘एचयूएफ’ लागली आहेत की नाहीत, हे म्हणूनच पावती हाती येताच वाचावे.