तीन तासांच्या पेपरला चौथा तास

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी. तिला डिस्लेक्सिया आहे. प्रश्न तिला दोनदा वाचावा लागतो, म्हणून उत्तर येत असूनही शेवटचे प्रश्न कोरे राहतात. वडिलांनी प्राचार्यांना अर्ज लिहिला: ‘परीक्षेत योग्य ती सवलत मिळावी.’ अर्ज फायलीत पडून राहिला, कारण नेमके काय द्यायचे हे त्यात नव्हतेच.

अशा अर्जात मागणी मिनिटांत लिहावी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. म्हणजे साडेदहा ते दीडचा पेपर अडीचपर्यंत. पण दुसरे सत्र दोनला सुरू होत असेल, तर वर्ग रिकामा करायची घाई होते आणि मिळालेला वेळ तिथेच हातातून जातो. म्हणून स्वतंत्र खोली आणि अडीचपर्यंत थांबणारा पर्यवेक्षक, हेही त्याच अर्जात मागावे. एका तासाच्या अंतर्गत चाचणीचाही उल्लेख करावा. ती हमखास विसरली जाते.

आधार म्हणून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016चे कलम 17 नमूद करावे. त्यात जादा वेळेचा स्पष्ट उल्लेख आहे. सोबत अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. खासगी समुपदेशकाच्या अहवालावर अनेकदा अडते, तेव्हा सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आधीच काढलेले बरे.

अर्ज परीक्षा फॉर्म भरतानाच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.