एक कोटीची पॉलिसी, चौसष्ट लाखांचा धीर

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत असेल अशी एक फाउंड्री डोळ्यासमोर आणा. तीन भागीदार, नफ्याची वाटणी ४०, ३० आणि ३० टक्के. धाकटे दोघे ऑर्डर आणि वसुली बघतात. थोरल्याचा जीव भट्टीत. वितळलेल्या लोखंडाचा नमुना पाचरीच्या आकारात ओतायचा, थंड झाला की हातोडीने मोडायचा आणि मोडलेल्या कडेला पांढरा पट्टा किती खोल गेलाय ते बघून धातूत काय कमी-जास्त झालंय ते सांगायचं, हे काम तोच करतो. तो महिनाभर आजारी पडला तर ग्राहकाकडून परत येणारे कास्टिंग वाढतात. विमा कंपनीच्या भाषेत हा ‘कीमन’.

अशा माणसाच्या जिवावर फर्म स्वतःसाठी विमा उतरवते, तो कीमन विमा. त्याची ओळख पॉलिसीच्या पहिल्या पानावर पटते. प्रस्तावक आणि पॉलिसीधारक म्हणून फर्मचं नाव हवं, विमा ज्याच्या जिवाचा आहे तिथे भागीदाराचं किंवा कर्मचाऱ्याचं. हप्ता फर्मच्या खात्यातून जातो आणि दाव्याची रक्कम फर्मच्याच खात्यात येते. पुष्कळ ठिकाणी नेमकं इथेच बिनसतं. पॉलिसी भागीदाराच्या नावावर, वारस म्हणून बायकोचं नाव आणि चेक मात्र फर्मचा, असा प्रकार सर्रास दिसतो. हा कीमन विमा नव्हे. भागीदाराने घरच्यासाठी काढलेला विमा फर्मने भरला, एवढंच. तो हप्ता खर्चात धरता येत नाही, त्या भागीदाराच्या भांडवल किंवा उचल खात्याला नावे टाकावा लागतो.

पॉलिसी खरोखर फर्मची असेल तर हप्त्याची नोंद अगदी साधी. आपल्या फाउंड्रीने एप्रिल २०१६ मध्ये थोरल्या भागीदारावर एक कोटीचा विमा घेतला, वर्षाचा हप्ता ४० हजार. दर एप्रिलमध्ये नोंद पडते: कीमन विमा हप्ता खाते नावे ४०,०००, बँक खात्याला ४०,०००. वर्षाअखेर हे खातं नफा-तोटा पत्रकात जातं. हप्ता जानेवारीत भरला असता तर ३१ मार्चनंतरच्या नऊ महिन्यांचा भाग आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात ठेवावा लागला असता.

हा हप्ता आयकरातही धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १८ फेब्रुवारी १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६२ मध्ये तसं स्पष्ट केलं होतं. तरीही भागीदार म्हणजे कर्मचारी नव्हे, मग त्याच्या विम्याचा हप्ता फर्मचा खर्च कसा, असा आक्षेप आयकर अधिकारी घेत. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बी. एन. एक्सपोर्ट्सच्या प्रकरणात तो मान्य केला नाही. कायद्यातल्या व्याख्येत कर्मचाऱ्याबरोबर धंद्याशी कोणत्याही प्रकारे संबंध असलेला माणूसही येतो आणि भागीदाराएवढा धंद्याशी जोडलेला दुसरा कोण असणार?

हप्त्यावर वाचलेला कर लहान आहे. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. चाळीस हजारांवर वर्षाला १२,४८० रुपये. एजंट हाच आकडा पुढे करतो. पैसे परत येतात तेव्हा काय होतं, ते मात्र तो फारसं सांगत नाही.

आयुर्विम्याचे पैसे करमुक्त असतात, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. घरच्या पॉलिसीबद्दल ती बऱ्याच अंशी खरी. मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या रकमेवर सहसा कर नसतो. कीमन पॉलिसीला मात्र ही सूट १९९६ पासून मुद्दाम नाकारलेली आहे आणि त्यात मृत्यूचाही अपवाद नाही. फर्मला जे मिळेल ते बोनससह धंद्याचं उत्पन्न. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण हे तत्त्व कायम आहे.

आधी मुदतपूर्तीचं बघू. २००५ मध्ये विमा नियामकाने कीमन विम्यासाठी फक्त शुद्ध टर्म पॉलिसीच द्यायची, असं बंधन घातलं. त्यामुळे त्यानंतरच्या पॉलिसीची मुदत संपली आणि माणूस धडधाकट असला की हातात काहीच येत नाही. अकाउंटंटला नोंद करायला काही उरत नाही, कारण हप्ते त्या त्या वर्षीच खर्ची पडलेले असतात. पण त्याआधीच्या जुन्या एंडोमेंट पॉलिसी अगदी अलीकडेपर्यंत पिकत होत्या.

समजा, याच फाउंड्रीने जून २००३ मध्ये अशी एक २० वर्षांची पॉलिसी घेतली होती. वर्षाचा हप्ता ५२ हजार, वीस हप्त्यांचे १० लाख ४० हजार. जून २०२३ मध्ये बोनससह २१ लाख मंजूर झाले. बँकेत जमा झाले मात्र २० लाख ४७ हजार. विमा कंपनीने मिळकतीच्या भागावर, म्हणजे २१ लाखांतून भरलेले हप्ते वजा करून उरलेल्या १० लाख ६० हजारांवर, ५ टक्क्यांनी ५३ हजारांचा टीडीएस कापला होता.

इथे नवख्या अकाउंटंटकडून दोन चुका होतात. बँकेत दिसले तेवढेच २० लाख ४७ हजार तो जमा धरतो. किंवा टीडीएस १० लाख ६० हजारांवर कापलाय, म्हणजे उत्पन्नही तेवढंच, असं समजून चालतो. बरोबर नोंद अशी: बँक खाते नावे २०,४७,०००, टीडीएस येणे खाते नावे ५३,०००, कीमन विमा प्राप्ती खात्याला २१,००,०००. पूर्ण २१ लाख नफा-तोटा पत्रकात जातात आणि करपात्रही पूर्ण २१ लाखच. हप्ते वीस वर्षं खर्चात घेऊन झाले, ते पुन्हा वजा कसे होणार? ३१.२ टक्क्यांनी कर येतो ६ लाख ५५ हजार २००. कापलेले ५३ हजार त्यातून वळते होतात.

हा कर चुकवायची एक वाट काही कंपन्यांनी शोधली होती. पॉलिसी पिकण्याआधी ती संचालकाच्या नावे करून द्यायची. मग ती साधी वैयक्तिक पॉलिसी ठरते आणि पैसे करमुक्त. दिल्ली उच्च न्यायालयात हा युक्तिवाद टिकलाही. त्यावर २०१३ च्या वित्त कायद्याने व्याख्येतच भर घातली: मध्येच कोणाच्या नावे केली तरी ती कीमन पॉलिसीच राहील. तेव्हापासून ही वाट बंद आहे.

आता मृत्यू. नोव्हेंबर २०२४ मध्ये थोरला भागीदार गेला. २०१६ च्या टर्म पॉलिसीचे तोवर नऊ हप्ते, एकूण ३ लाख ६० हजार भरून झाले होते. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि दाव्याचा अर्ज फर्मने दिला. दावा मंजूर झाल्याचं पत्र आलं की नोंद: विमा दावा येणे खाते नावे १,००,००,०००, कीमन विमा दावा खात्याला १,००,००,०००. ऑक्टोबर २०२४ पासून टीडीएसचा दर २ टक्के झाला होता. ९६ लाख ४० हजारांवर १ लाख ९२ हजार ८०० कापले गेले आणि जानेवारीत ९८ लाख ७ हजार २०० बँकेत आले. त्या दिवशी बँक आणि टीडीएस येणे ही दोन खाती नावे पडून ‘विमा दावा येणे’ खातं मिटतं.

धाकट्या दोघांना वाटलं, कोटभर रुपये हाताशी आहेत. नवा मेटलर्जिस्ट नेमू, कच्च्या मालाची उधारी फेडू, ग्राहक थांबवून धरू. सीएने कागदावर हिशेब मांडला. फर्मचा एरवीचा नफा २० लाख, त्यावर कर ६ लाख २४ हजार. यंदा उत्पन्न १ कोटी २० लाख. एक कोटीच्या वर गेल्याने १२ टक्के अधिभारही लागला आणि कर झाला सुमारे ४१ लाख ९३ हजार. म्हणजे दाव्यामुळे वाढलेला कर जवळजवळ ३५ लाख ६९ हजार, तोही १५ मार्चच्या आगाऊ कराच्या हप्त्यापर्यंत भरायचा. एक कोटीतले हाती उरले चौसष्ट लाख तीस हजारांच्या आसपास. कर देऊन फर्मच्या हाती कोटभर हवे होते, तर विमा दीड कोटीपेक्षा थोडा जास्तच घ्यायला हवा होता. टर्म विम्यात त्यासाठी वर्षाला वीस-पंचवीस हजारच जादा गेले असते.

यातही सगळे चौसष्ट लाख चालत्या फर्मकडे राहतीलच असं नाही. दाव्याचा हक्क मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो आणि त्या क्षणापर्यंत थोरला भागीदार होता. म्हणून भागीदारी पत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर रूढ पद्धतीने कर वजा जाता उरलेला नफा जुन्या प्रमाणात तिघांच्या भांडवल खात्यांना जमा होतो. धाकट्या दोघांना सुमारे १९ लाख २९ हजार प्रत्येकी, थोरल्याच्या खात्याला २५ लाख ७२ हजार. मग त्याच्या भांडवल खात्याची शिल्लक ‘वारस देणे’ खात्याकडे वळवली जाते आणि ती फर्मचं देणं बनते. दोन्ही घरांतली कटुता बहुधा इथूनच सुरू होते. भागीदार म्हणतात, विमा फर्म वाचवायला होता. वहिनी म्हणतात, गेला तो आमचा माणूस. आणि देणं थकलं तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे वारसांना नफ्यातला योग्य वाटा किंवा ६ टक्के व्याज मागता येतं.

भागीदार दोघेच असतील तर प्रश्न आणखी बिकट. दोघांपैकी एक गेला की भागीदारीच उरत नाही. एकट्याची भागीदारी होत नाही आणि एकाच्या मृत्यूनंतरही फर्म चालू राहील हे कलम अशा फर्मला वाचवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात सांगितलं आहे. ज्या फर्मच्या नावे पॉलिसी होती ती विसर्जित झालेली असताना दाव्याचे पैसे येतात आणि हिशेब चालत्या धंद्याचा न राहता विसर्जनाचा होतो: आधी बाहेरची देणी, मग भागीदारांचं कर्ज, मग भांडवल आणि उरलेलं दोघांच्या प्रमाणात. धंदा सावरायला घेतलेला विमा धंदा मिटवताना वाटला जातो. तिसरा भागीदार, भले पाच टक्क्यांचा का असेना, घेतलेला असता तर हे टळलं असतं.

तेव्हा ज्यांच्याकडे कीमन पॉलिसी आहे त्यांनी ती आणि भागीदारी पत्र एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावं. पॉलिसीधारक म्हणून कोणाचं नाव आहे, रक्कम कर गेल्यावर पुरेल का, एखादा भागीदार गेल्यास फर्म चालू राहील का आणि दाव्याच्या पैशात वारसांचा वाटा असेल की नाही, या चारांपैकी एकाचंही उत्तर कागदावर नसेल, तर सगळे भागीदार हयात आहेत तोवर पुरवणी करारनामा करून घ्यावा.