सिद्धान्त सोपा, पण नेमका

समाजशास्त्राच्या शोधनिबंधात असं वाक्य सहज सापडतं: ‘कौटुंबिक सांस्कृतिक भांडवलाचे शालेय अवकाशातील रूपांतरण विषमतेचे पुनरुत्पादन करते.’

सोपं करायला घेतलं की हाती येतं: ‘शिकलेल्या घरातली मुलं पुढे जातात.’ वाचायला छान. पण पिएर बोर्द्यूचा मुद्दाच गळाला. घरातून आलेली भाषा आणि वावर यांना शाळा अंगची हुशारी समजते, हे त्याचं म्हणणं.

म्हणून ‘सांस्कृतिक भांडवल’ ठेवावं आणि तिथेच उलगडावं. ‘अवकाश’ नुसत्या शाळेसाठी आला असेल, तर खुशाल काढावा. मग क्रियेला कर्ता द्यावा: ‘घरातून मिळालेली भाषा आणि वावर, म्हणजेच सांस्कृतिक भांडवल, शाळा गुणवत्ता मानते, त्यामुळे विषमता पुढच्या पिढीतही टिकते.’ आता कोण काय करतं, ते दिसतं.