मोबाईलवर फोटो आले, आता मोजायचं कसं? मोहल्ल्याच्या सर्वेक्षणाचा तक्ता

मुस्लिम समाजाच्या स्थितीबद्दल बोलताना आपण सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाचा आणि राज्य सरकारने 2008 मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान अभ्यासगटाचा दाखला देतो. पण त्यात चारोटी, कासा, तलासरी अशा एकेका गावाचं चित्र वेगळं दिसत नाही. ते हवं असेल तर घरोघरी फॉर्म भरून घ्यावे लागतात. मुलं फॉर्म भरून आणतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि तिथेच काम अडतं. फोटोंपासून आकड्यांपर्यंत कसं जायचं, ते एका उदाहरणातून पाहू. यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा चारोटी परिसरातल्या 40 घरांत दोन पानी फॉर्म भरून घेतले. म्हणजे फोटो 80 हवेत, पण ग्रुपवर 83 आले. तीन पानं दोनदा पाठवली गेली होती. हे लगेच कळावं म्हणून फोटो काढण्याआधीच दोन्ही पानांवर पेनाने एकच क्रमांक घालायचा: 01, 02, असं 40 पर्यंत. क्रमांक नसेल तर एका घराचं पहिलं पान दुसऱ्याच्या दुसऱ्या पानाला जोडलं जातं आणि नंतर ते कुणालाच ओळखता येत नाही.

मग एक्सेलमध्ये प्रत्येक फॉर्मला एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाला एक रकाना. नाव आणि फोन नंबर या तक्त्यात घ्यायचे नाहीत, फक्त फॉर्म क्रमांक. उत्तर शब्दांत न लिहिता त्याचा कोड लिहायचा. कोणता कोड कशासाठी, ते आधी एका कागदावर पक्कं करायचं.

आपला तिसरा प्रश्न होता: घरातली 16 ते 18 वयाची सर्वांत मोठी मुलगी सध्या शिकते का? त्याचे कोड आणि मोजणी अशी:

| कोड | अर्थ | फॉर्म |
|---|---|---|
| 1 | हो | 11 |
| 2 | नाही | 14 |
| 3 | त्या वयाची मुलगी घरात नाही | 12 |
| 8 | फोटोत वाचता येत नाही | 1 |
| 9 | उत्तर दिलेलं नाही | 2 |
| | एकूण | 40 |

तिसरा प्रश्न C रकान्यात असेल तर ‘नाही’ची मोजणी अशी:

```
=COUNTIF(C2:C41,2)
```

प्रत्येक कोडसाठी शेवटचा आकडा बदलायचा. बेरीज 40 आली नाही, तर एखादा रकाना रिकामा राहिलाय किंवा चुकीचा कोड पडलाय. 8 आणि 9 वेगळे ठेवायचे, कारण 8 असेल तर पुन्हा नीट फोटो मागवता येतो. 9 म्हणजे घरच्यांनीच उत्तर दिलेलं नाही. आणि रिकामी जागा म्हणजे ‘नाही’ असं कधीही धरायचं नाही.

टक्केवारीत सगळ्यात जास्त चूक होते. 40 पैकी 14 म्हणजे 35 टक्के. पण 12 घरांत त्या वयाची मुलगीच नाही आणि 3 घरांचं उत्तर कळलेलं नाही. उरली 25 घरं. खरा आकडा 25 पैकी 14, म्हणजे 56 टक्के.

चौथा प्रश्न शिक्षण थांबण्याच्या कारणांचा. त्यात एकाहून जास्त खुणा चालतात. म्हणून इथे एक रकाना पुरत नाही. ‘कॉलेज लांब’, ‘बसची वेळ जमत नाही’, ‘खर्च’, ‘घरकाम’, ‘इतर’ यांना प्रत्येकी वेगळा रकाना द्यायचा. खूण असेल तर 1, नसेल तर 0. ज्या 26 घरांना हा प्रश्न लागूच नाही किंवा ज्यांचं आधीचं उत्तर कळलेलं नाही, तिथे 7.

14 फॉर्मवर मिळून 25 खुणा निघाल्या: लांब 8, बस 6, खर्च 5, घरकाम 3, इतर 3. इथे बेरीज 14 हून जास्त येणारच. सांगताना ‘14 पैकी 8 घरांनी कॉलेज लांब असल्याचं सांगितलं’ असंच सांगायचं.

‘इतर’चे तीन फॉर्म नीट वाचायचे. एकात लिहिलं होतं, ‘रिक्षाचं भाडं परवडत नाही’. त्यावर खर्चाची खूण नव्हती, म्हणून ते खर्चात गेलं आणि खर्च 6 झाला. दोघांनी लिहिलं होतं, ‘पुढे उर्दूत शिकायची सोय नाही’. हा पर्याय फॉर्म बनवणाऱ्यांना सुचलाच नव्हता. त्याला नवा रकाना दिला: 2. ‘इतर’मध्येच ठेवलं असतं तर ही मागणी पुढे गेलीच नसती. मूळ वाक्यं शेजारच्या रकान्यात तशीच ठेवायची, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येतात.

शेवटी दुसऱ्या माणसाने प्रत्येक चौथा फॉर्म, म्हणजे 10 फॉर्म, फोटोवरून पुन्हा कोड करायचे. एखाद-दुसरा फरक निघाला तर दुरुस्त करा. एकाच प्रश्नात वारंवार फरक येत असेल तर कोडचा नियमच अस्पष्ट आहे, तो सुधारून तो रकाना सगळ्या 40 फॉर्मसाठी पुन्हा भरा.

आणि अर्ज लिहिताना 40 घरांचा आकडा 40 घरांचाच म्हणून द्या. तो अख्ख्या डहाणू-तलासरीचा म्हणून दिला, तर समोरचा अधिकारी पहिल्याच प्रश्नात तो बाजूला सारेल. ‘आम्ही गेलो त्या घरांत 25 पैकी 14 मुलींचं शिक्षण थांबलंय, ही त्यांची कारणं’ असं सांगितलं, तर त्याला तक्ता पाहावाच लागतो.